‘आधी-नंतर’च्या फोटोवर तक्रार : जाहिरात जपून ठेवण्यापासून पैसे हातात येईपर्यंत

वजन कमी करून देणाऱ्या एका सेंटरमध्ये माझ्या भाचीने पंचेचाळीस हजार रुपये भरले होते. त्यातले तेहतीस हजार नोव्हेंबर 2025 मध्ये तिच्या खात्यावर परत आले. सुरुवात केली तेव्हा जाहिरातीची तक्रार कुठे करायची, पैशांची कुठे, आणि कोणत्या दारात नेमकं काय मिळतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून झालं तसं सगळं क्रमाने लिहिते आहे. सेंटरचं नाव देत नाही. तडजोडीत ती अट आहे.

जानेवारीत तिच्या मोबाइलवर जाहिरात आली. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’, आणि मधे मराठीत मोठ्या अक्षरांत : ‘एका सेशनमध्ये 4 ते 6 सेंमी आणि 500 ग्रॅम कमी. कायमचे.’ तिचं लग्न मे महिन्यात होतं. सेंटरवर गेल्यावर तिथल्या मॅडमनी असेच आणखी फोटो टॅबवर दाखवले, दहा सेशनचं पॅकेज सांगितलं आणि ‘आजच भरलं तर’ म्हणून सूट दिली. पैसे कार्डावरून हप्त्यांत गेले. मशीन चरबी गोठवणारं होतं. त्याचा कप पोटावर बसवतात, मग गरम ब्लँकेटमध्ये झोपवतात आणि शेवटी पोटाला पट्टा आवळून बांधतात. सगळं मिळून तास-सव्वा तास.

मी गेली वीसेक वर्षं ब्लाउज आणि घागरे शिवते. जानेवारीतच तिच्या घागऱ्याचं माप घेऊन वहीत लिहिलं होतं : बेंबीच्या रेषेत साडेपस्तीस इंच, म्हणजे नव्वद सेंटिमीटर. मार्चच्या सुरुवातीला सहा सेशन झाल्यावर ती सेंटरचं कार्ड घेऊन आली. कार्डावर 91 वरून 82. नऊ सेंटिमीटर! घागरा आत घ्यायचा म्हणून मी त्याच जागी टेप लावली, तर पस्तीस इंच भरले. म्हणजे 89 सेंटिमीटर. एक सेंटिमीटर कमी झाला होता, आणि तेवढा फरक सकाळ-संध्याकाळच्या जेवणानेही पडतो.

मग मी तिला तिथेच उभी करून दुसऱ्यांदा मापलं. पोट सैल, टेप बेंबीवर, एक बोट आत जाईल इतकी ढिली : 89. त्यानंतर टेप तीन बोटं वर, कंबर सगळ्यात बारीक असते तिथे नेली, श्वास आत ओढायला लावला आणि टेप ताणून धरली : 83. शरीर तेच होतं, मिनिटही तेच होतं, आणि सहा सेंटिमीटर नुसत्या टेपने खाल्ले. जाहिरातीत छापलेला आकडा नेमका एवढाच आहे.

पुढच्या सेशनला मी तिच्याबरोबर गेले. सुरुवातीचं माप घेताना तिथली मुलगी म्हणाली, ‘ताई, रिलॅक्स उभ्या राहा, पोट सोडा.’ टेप बेंबीवर होती. पट्टा सोडल्यावर लगेच, ‘हात वर करा, श्वास घ्या’, आणि टेप वर सरकलेली. तासभर आवळलेल्या पोटावर पट्ट्याचे वळ स्पष्ट दिसत होते. असा आवळलेला भाग काही तासांत पूर्ववत होतो. वजनाचीही तीच रीत. आल्या आल्या चहा आणि पाण्याचा ग्लास देऊन काट्यावर उभं करायचं, आणि ब्लँकेटमधला घाम पुसून, बाथरूमला जाऊन आल्यावर पुन्हा. पाव लिटर पाणी आत आणि पाव लिटर घाम बाहेर, झाले पाचशे ग्रॅम. चरबीचा हिशेब वेगळा असतो. एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 कॅलरी असतात. अर्धा किलो जाळायची म्हणजे 3,850, आणि माझ्या भाचीच्या अंगकाठीच्या मुलीला दोन दिवस मिळून साधारण तेवढ्या लागतात. त्या तासभरात जातील कशा?

नंतर वाचताना आणखी एक गोष्ट कळली. चरबी गोठवण्याचं तंत्र मुळात खोटं नाही. गोठलेल्या पेशी मरतात आणि शरीर त्यांचा निचरा हळूहळू करतं. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तो जिथे कप लावला त्या वळकटीपुरताच असतो. त्यामुळे सेशन संपताच काढलेला ‘नंतर’चा फोटो त्या मशीनचा परिणाम दाखवूच शकत नाही. तुमच्यासमोर असा फोटो आला तर दोन्ही फोटोंमध्ये किती दिवसांचं अंतर आहे, हे आधी विचारा.

जाहिरातीतले फोटो मग मी मोठे करून पाहिले. ‘आधी’मध्ये बाईने लेगिंगचं इलॅस्टिक पोटाच्या खाली, रुतेल असं घातलं होतं, त्यामुळे वरची वळकटी बाहेर आली होती. ‘नंतर’मध्ये तेच इलॅस्टिक बेंबीच्या वर, खांदे मागे, अंग किंचित तिरकं. उजेड पहिल्या फोटोत समोरून सपाट पडला होता, दुसऱ्यात वरून, त्यामुळे पोटावर सावलीची रेघ उमटली होती. इथपर्यंत एकवेळ म्हणता आलं असतं की फोटो काढणाऱ्याने सोय पाहिली. पण दुसऱ्या फोटोत बाईच्या मागच्या भिंतीवरची टाइल्सची उभी रेघ बरोबर कंबरेपाशी आत वाकली होती. भिंत वाकत नाही. कंबर सॉफ्टवेअरमध्ये आत ढकलली की मागची रेघही तिच्याबरोबर ओढली जाते. चौकट, दाराची कड, टाइल्स, पडद्याच्या चुण्या यांच्याकडे पाहायची सवय लावून घ्या. शरीराकडे पाहून कळत नाही ते तिथे कळतं.

भाचीने सेंटरकडे उरलेले सेशन बंद करून पैसे परत मागितले. आम्ही ते ईमेलवर मागितले, आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. उत्तरात त्यांनी तिने सही केलेल्या फॉर्मची ओळ पाठवली : कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही. ती सही पाहून भाचीला वाटलं, आता संपलं. लग्नाची गडबड, वर हप्ते चालू. त्या रात्री ती खूप रडली. तिचं म्हणणं, ‘मावशी, मीच कमी पडले असेन, त्यांनी डाएट सांगितलं होतं.’ अशा जाहिरातींचा मला सर्वांत जास्त राग येतो तो याच्यासाठी. आकडा त्यांनी छापायचा आणि तो आला नाही तर दोष बाईने स्वतःच्या शरीराला द्यायचा.

सगळ्यात आधी आम्ही जाहिरात जपून ठेवली. मोबाइलवर आलेली जाहिरात पुन्हा दिसेलच असं नसतं. facebook.com/ads/library या पानावर देश भारत निवडून सेंटरच्या पानाचं नाव टाकलं की त्यांच्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती दिसतात. प्रत्येकीवर लायब्ररी आयडी आणि ती कधीपासून सुरू आहे ती तारीख असते. साध्या व्यापारी जाहिराती बंद झाल्या की आपल्याकडे त्या यादीतूनही जातात, तेव्हा त्याच दिवशी टिपा. आम्ही आयडी आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला, आणि पान उघडण्यापासून जाहिरातीपर्यंत जाण्याचं स्क्रीन रेकॉर्डिंगही केलं. कार्ड, पावती, व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे निरोप आणि माझ्या वहीचं पान एका फोल्डरमध्ये ठेवलं.

मार्चच्या शेवटी मी भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘ॲस्की’कडे तक्रार केली. 1985 पासून मुंबईत असलेली ही जाहिरात क्षेत्राचीच स्वनियमन करणारी संस्था आहे. तक्रार ग्राहकानेच करायची अशी अट नाही, आणि फी नाही. ascionline.in वर फॉर्म आहे, व्हॉट्सअॅपवरही तक्रार घेतात.

फॉर्ममध्ये नेमकं कोणतं विधान आक्षेपार्ह आहे ते लिहायचं असतं. मला सगळ्यात जास्त वेळ तिथे लागला. माझ्या पहिल्या मसुद्यात रागाच्या भरात सगळंच आलं होतं. लग्नाची भीती घालतात, सुंदर मुली दाखवतात, ‘स्वतःला नव्याने भेटा’ म्हणतात. मग एकेक ओळ खोडत गेले. ‘स्वतःला नव्याने भेटा’ हे आर्जव आहे. ते आवडो न आवडो, खरं की खोटं असं त्याचं माप घेता येत नाही, आणि दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाइकाला बोलावण्याचा हक्क आहे. मीही दुकानाच्या काचेला उत्तम शिवलेला ब्लाउजच लावते. पण ‘4 ते 6 सेंमी’, ‘500 ग्रॅम’, ‘एका सेशनमध्ये’, ‘कायमचे’ हे माप आहे, आणि शेजारचा फोटो त्या मापाचा पुरावा म्हणून लावला आहे. टेप कुठे धरली, किती वेळाने धरली, फोटोतल्या बाईने दुसरं काय केलं, हे लपवून दिलेलं माप म्हणजे फसवणूक. तक्रारीत मी ती चारच विधानं आणि फोटो ठेवला, टाइल्सच्या वाकलेल्या रेघेवर लाल गोल करून. ॲस्कीकडे दावा सिद्ध करायची जबाबदारी जाहिरातदाराची असते, तो खोटा आहे हे आपण सिद्ध करायचं नसतं. एवढं कळल्यावर निम्मं ओझं उतरलं.

काही आठवड्यांनी ईमेल आला की जाहिरातदाराने ती जाहिरात मागे घेऊन बदलायचं मान्य केलं आहे. आनंद झाला. पण ॲस्की पैसे परत मिळवून देत नाही, त्यासाठी वेगळी वाट धरावी लागते.

एप्रिलमध्ये भाचीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. मराठीत बोलता येतं. डॉकेट नंबर मिळतो आणि हेल्पलाइन ती तक्रार कंपनीकडे पाठवते. सेंटरने तिथेही ‘फॉर्मवर सही आहे’ एवढंच उत्तर दिलं आणि तक्रार बंद झाली. तरी हा टप्पा गाळू नका. आपण सामोपचाराने प्रयत्न केला होता हे त्या नंबरवरून दाखवता येतं. मग ओळखीच्या वकिलांकडून पंधरा दिवसांची नोटीस पाठवली, दोन हजार रुपये. पोचपावती आली, उत्तर नाही.

नोटिशीत त्या वकिलांनी एक मुद्दा घातला होता, तो तुम्हीही लिहून ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत, कलम 2(47) मध्ये, सदोष सेवा बंद करून ठरल्या मुदतीत, आणि पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं हेही येतं. ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलं म्हणजे विषय मिटत नाही.

लग्न नीट पार पडलं. घागरा मी थोडाही आत घेतला नाही आणि तो तिला सुरेख बसला.

जूनमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. e-jagriti.gov.in वर मोबाइल नंबर आणि ओटीपीने खातं उघडता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येतं, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील बंधनकारक नाही. आम्ही मसुदा नोटीस पाठवणाऱ्या वकिलांना दाखवला आणि हजर भाची स्वतः राहिली. लागणारे कागद असे : अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, नोटरी केलेलं शपथपत्र आणि पुरावे. प्रत्येक पानाला नंबर द्या. आमचे स्क्रीनशॉट छापल्यावर काळे आले होते म्हणून त्रुटी निघाली आणि ते रंगीत छापून पुन्हा द्यावे लागले. स्क्रीनशॉट हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्यामुळे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही वकिलांनी सोबत जोडायला सांगितलं. नोटरी, रंगीत प्रती, पोस्ट मिळून दीड हजाराच्या आसपास गेले.

जुलैमध्ये तक्रार दाखल करून घेतली गेली आणि सेंटरला नोटीस निघाली. लेखी उत्तराला तीस दिवस असतात, वर पंधरा दिवस वाढवून मिळू शकतात. त्यांनी ते सगळे घेतले. तोवर त्यांची बदललेली जाहिरात दिसू लागली होती. आकडे तेच, फोटो दुसऱ्या बाईचे, आणि अगदी खाली राखाडी रंगात, तांदळाएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘रिझल्ट्स मे व्हेरी’. लेखी उत्तरातही त्यांचा मुख्य बचाव तोच होता : परिणाम व्यक्तिनुसार बदलतात, हे ग्राहकाला सांगितलेलं होतं.

याला उत्तर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत सापडलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी त्या काढल्या आहेत. त्यांच्यानुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत, ठळक दिसेल असा हवा, आणि त्याने महत्त्वाची माहिती लपवता कामा नये किंवा मूळ दावा खोडता कामा नये. दावा मराठीत आणि खुलासा इंग्रजीत, तिथेच तो पडला. शिवाय ‘एका सेशनमध्ये कायमचे कमी’ आणि ‘होईल किंवा होणार नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच जाहिरातीत खरी असू शकत नाहीत.

याच सुमारास, ऑगस्ट 2025 मध्ये, त्या प्राधिकरणाने व्हीएलसीसी कंपनीला अशाच प्रकारच्या जाहिरातींबद्दल 3 लाखांचा दंड केल्याची बातमी आली. आमचं सेंटर ते नव्हे, पण दाव्यांची धाटणी तीच : एका सेशनमध्ये 600 ग्रॅम आणि 7 सेंटिमीटर. प्राधिकरणाने म्हटलं होतं की अमेरिकी औषध प्रशासनाची त्या कंपनीच्या चरबी गोठवणाऱ्या मशीनला मिळालेली मान्यता ठरावीक अवयवांवरच्या चरबीच्या उंचवट्यांपुरती आणि बीएमआय 30 किंवा त्याखालच्या लोकांसाठी आहे. ते वजन घटवण्याचं साधन नाही. पुढे जाहिरातीत हे ठळकपणे सांगायचं बंधनही घातलं. तो आदेश आमच्या प्रत्युत्तराला जोडला. आपल्या सेंटरकडे कोणतं मशीन आहे, त्याचं नाव काय, मान्यता कशासाठी आहे, हे लेखी विचारा. आम्ही अर्जात हेच प्रश्न घातले. त्यांची उत्तरं कधीच आली नाहीत.

सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीला गेलं. एका साध्या खोलीत मध्यस्थ, सेंटरचे मालक, त्यांचे वकील, भाची आणि मी. मालकांनी आधी उरलेल्या सेशनचेच पैसे देऊ केले. मी टेप बरोबर नेली होती. मध्यस्थांना विचारून भाचीचं माप त्या दोन पद्धतींनी सगळ्यांसमोर घेतलं आणि दोन्ही आकडे कागदावर लिहिले. मालकांचे वकील बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होते. त्यानंतर बोलणं रकमेवर आलं आणि पुढच्या बैठकीत तेहतीस हजारांवर थांबलं. भाचीला पूर्ण रक्कम हवी होती, मलाही. पण सुनावणी लांबली असती, तिची नवी नोकरी सुरू होणार होती, आणि निर्णय तिचा होता. तडजोडीत आम्ही एक कलम घालून घेतलं : तिचे स्वतःचे ‘आधी-नंतर’चे फोटो, जे पहिल्या दिवशीच काढून घेतले होते, ते मिटवायचे आणि कुठेही वापरायचे नाहीत. तिने सही केलेल्या फॉर्ममध्ये ते वापरायची परवानगी तिसऱ्या पानावर होती. फॉर्मचं तिसरं पान वाचा आणि ती ओळ खोडून मगच सही करा.

पैसे आले ते दोन हप्त्यांत, दुसरा नोव्हेंबरमध्ये. राखाडी अक्षरांची ती जाहिरात अजून चालू आहे. तिच्यावर ॲस्कीकडे नवी तक्रार केली आहे. हेल्पलाइनकडे या वेळी पैशांसाठी म्हणून नव्हे, दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून नोंद केली, लायब्ररी आयडी आणि टाइल्सचा जुना फोटोही जोडला. डॉकेट नंबर आला आहे, उत्तर यायचं आहे.